गोष्ट त्यांची, गावही त्यांचंच

स्वयंसेवी संस्थेच्या वार्षिक अहवालातल्या यशोगाथा बऱ्याचदा आधी देणगीदारांसाठी इंग्रजीत लिहिल्या जातात. मराठी अनुवाद मागाहून होतो. इंग्रजी अहवाल शहरातल्या कार्यालयात वाचला जातो. मराठी अहवाल मात्र गावातल्या व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यामुळे इंग्रजीत झाकलेलं मराठीत उघडं पडतं.

समजा, मजकूर असा आहे : यवतमाळ जिल्ह्यातली ३४ वर्षांची ‘सुनीता’ (नाव बदललं आहे), २०१९मध्ये नवऱ्याची आत्महत्या, दोन मुली, संस्थेनं दिलेलं शिलाई मशीन, आता बसथांब्यासमोर दुकान. देणगीदार तिला ओळखत नाही. गावात मात्र बसथांब्यासमोर शिलाईचं दुकान एकच आहे. नाव बदलून उपयोग काय?

यावर सोपी कसोटी आहे. मसुदा त्या भागातल्या कार्यकर्तीला नावाशिवाय वाचून दाखवायचा. तिनं लगेच बाई ओळखली, तर आणखी तपशील सैल करायचे. ‘३४’ऐवजी ‘तिशीतल्या’, ‘२०१९’ऐवजी ‘काही वर्षांपूर्वी’, ‘बसथांब्यासमोर’ऐवजी नुसतं ‘दुकान’. तपशील सैल करायचा, खोटा घालायचा नाही. फोटो चेहऱ्याचा नको, मशीनवरच्या हातांचा चालेल. अत्याचारपीडित किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या बाबतीत ओळख पटेल असा तपशील छापायला बाल न्याय कायद्याचीच मनाई आहे. त्यात शाळेचं नावही आलं.

आता भाषा. इंग्रजीतल्या एका सर्वनामासाठी ‘ती’ की ‘त्या’, हे मराठीत अनुवादकालाच ठरवावं लागतं. एकाच अहवालात संचालक ‘त्या’ आणि सुनीता ‘ती’ असेल, तर पायरी तिथेच दिसते. पुढचं वाक्य पाहा : ‘निराधार सुनीताला संस्थेनं मशीन दिलं आणि तिच्या अंधारलेल्या आयुष्यात आशेचा किरण आला.’ इथे सगळं करणारी संस्था आहे, बाई नुसती घेणारी. त्याऐवजी असं लिहिता येईल : ‘सुनीताताईंना शिवणकाम येत होतंच. संस्थेकडून मशीन मिळाल्यावर त्यांनी दुकान थाटलं. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.’ अडचण लपवलेली नाही, पण वाक्याचा कर्ता बदलला आहे.

मात्र ‘शिवणकाम येत होतंच’ हे अनुवादकानं मनानं लिहायचं नाही. त्यासाठी मुलाखतीचं मूळ ध्वनिमुद्रण मागवायचं. सुनीताताई वऱ्हाडीत बोलल्या, कुणीतरी ते इंग्रजीत उतरवलं, आणि आपण ते पुन्हा मराठीत आणतो आहोत. या फेऱ्यात त्यांचे शब्द गळून जातात आणि ‘आशेचा किरण’ उरतो.

शेवटी, इंग्रजी अहवालासाठी दिलेली संमती मराठीला पुरत नाही. छापण्याआधी मराठी मजकूर सुनीताताईंना वाचून दाखवायचा. नाही म्हणालात तरी मदत थांबणार नाही, हे आधी सांगायचं. मग त्या कदाचित म्हणतील, ‘नवऱ्याचं तेवढं काढा, पोरी वाचतील.’ ते वाक्य काढायचं.