बैठक कोणाच्या घड्याळाने?

२५ ऑक्टोबर २०२६ च्या रविवारी पहाटे तीन वाजता जर्मनीतली घड्याळं एक तास मागे जातील आणि तिथे पुन्हा दोन वाजतील. त्या क्षणी पुण्यात सकाळचे साडेसहा वाजलेले असतील आणि इथल्या घड्याळाला काहीच होणार नाही. फरक जाणवेल तो त्या आठवड्याच्या गुरुवारी. जर्मन सहकाऱ्यांबरोबरची जी बैठक एप्रिलपासून संध्याकाळी साडेसहाला भरत होती, ती आता साडेसातला सुरू होईल. वेळ बदलायचं कोणी ठरवलेलं नसेल. तशी सूचनाही कोणी पाठवलेली नसेल.

पुणे, मुंबई किंवा बंगळूरमध्ये बसून युरोपातल्या कंपनीसाठी काम करणाऱ्यांना हा अनुभव दर हिवाळ्यात येतो. यावर बहुतेक जण चार दिवस कुरकुरतात आणि पुढे त्याची सवय करून घेतात. नवीन वेळ सुचवावीशी वाटते, पण ती कशी शोधायची आणि कशी मांडायची, इथे गाडी अडते. म्हणून एक उदाहरण घेऊ. पुण्यात हिंजवडीला एक टीम आहे आणि स्टुटगार्टला दुसरी. दर गुरुवारी दोघांची तासाभराची बैठक असते, जर्मनीच्या घड्याळाने दुपारी तीन वाजता.

आधी अंतर पाहू. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे असते आणि ती वर्षभर तशीच राहते. जर्मनी हिवाळ्यात यूटीसीच्या एक तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात दोन तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणून आपण जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी त्याचं घड्याळ याच दिवशी, याच क्षणी बदलतं. लंडन आणि स्टुटगार्टमधलं एका तासाचं अंतर त्यामुळे कायम राहतं.

घड्याळं फिरवण्याची ही पद्धत बंद करावी, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये मांडला आणि युरोपीय संसदेने २०१९ मध्ये त्याच्या बाजूने मतदान केलं. पण सदस्य देशांचं एकमत झालं नाही आणि पद्धत चालू राहिली. तेव्हा तिकडचा नियम बदलायची वाट न पाहता आपली बैठक हलवणं सोपं.

हलवण्यापूर्वी एक चौकशी करावी : ही वेळ मुळात का ठरली होती? अशा बैठकांमागे पुष्कळदा एखादं जुनं, आता संपलेलं कारण असतं. आपल्या उदाहरणात असं समजू, की पूर्वी न्यूयॉर्कचा एक जण या बैठकीला असायचा. स्टुटगार्टचे तीन म्हणजे त्याचे सकाळचे नऊ. त्याच्यासाठी तीनची वेळ धरली, पुढे तो दुसऱ्या प्रकल्पावर गेला आणि वेळ मात्र तिथेच राहिली. कारण सापडलं की प्रस्ताव निम्मा मार्गी लागतो. ‘आम्हाला उशीर होतो’ असं सांगितलं की ती तक्रार वाटते. ‘ज्याच्यासाठी ही वेळ होती ते आता बैठकीत नाहीत’ हे मात्र कोणालाही पटतं.

मग मोकळी जागा शोधायची. इथे बहुतेक जण दोन्ही कार्यालयांच्या वेळा एकमेकींवर ठेवून पाहतात आणि खूश होतात, कारण सामाईक वेळ भरपूर दिसते. खरी जागा दिसते ती जेवणाच्या सुट्ट्या वगळल्यावर. पुण्यात एक ते दोन जेवण, साडेसहाला कंपनीची बस. म्हणजे बैठक सहापर्यंत संपायला हवी. स्टुटगार्टमध्ये बारा ते एक जेवण, आणि मुलांना बालवाडीत सोडून येणाऱ्यांचा विचार केला तर नऊच्या आधी बैठक नको.

हे सगळं भारतीय वेळेत मांडून पाहू. स्टुटगार्टचं जेवण उन्हाळ्यात आपल्या साडेतीन ते साडेचारला येतं आणि हिवाळ्यात साडेचार ते साडेपाचला. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याला दोन ते साडेतीन आणि साडेचार ते सहा असे दोन चांगले तुकडे मिळतात. हिवाळ्यात दोन ते साडेचार असा एकच मोठा तुकडा मिळतो आणि शेवटचा अर्धा तास. तासाभराची बैठक दोन्ही ऋतूंत सुखाने बसेल अशी जागा उरते ती एकच, दुपारी दोन ते साडेतीन.

हेच गणित जर्मन घड्याळावर केलं, तर तिथेही तासाभराच्या बैठकीला एकच जागा मिळते, साडेदहा ते बारा. म्हणजे ‘पुण्याचे दुपारचे दोन कायम’ किंवा ‘स्टुटगार्टचे सकाळचे साडेदहा कायम’, दोन्ही वेळा चालतात. पण त्या एकच नव्हेत. पुण्याचे दोन कायम धरले, तर स्टुटगार्टला उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. स्टुटगार्टचे साडेदहा कायम धरले, तर पुण्याला उन्हाळ्यात दोन आणि हिवाळ्यात तीन.

खरा निर्णय इथे आहे. वर्षातून दोनदा कोणी तरी एक तास सरकणारच. ते कोणी सरकायचं? न्याय म्हणून पाहिलं, तर घड्याळ ते फिरवतात, तेव्हा त्यांनीच सरकावं असं वाटेल. पण स्टुटगार्टच्या माणसाच्या दिवसात आणखी चार बैठका असतात आणि त्या त्याच्या स्थानिक वेळेला बांधलेल्या असतात. आपली एकच बैठक साडेदहावरून साडेनऊवर आली, तर ती साडेनऊच्या दुसऱ्या बैठकीवर जाऊन आदळेल. लंडनचं कोणी असेल, तर त्याचाही दिवस तसाच विस्कटेल. उलट बैठक जर्मन वेळेला बांधली, तर अख्खा युरोप एका तालात राहतो आणि पुण्याची टीम एकटी सरकते. पुण्याच्या इतर बैठकाही युरोपशीच असतील, तर त्या सगळ्या एकत्र सरकतात आणि आपापसांत धडकत नाहीत. मात्र पुण्याच्या टीमच्या दुपारच्या बैठका चेन्नई किंवा सिंगापूरशी असतील, तर हे उत्तर उलटं होतं, कारण त्या ठिकाणी घड्याळ फिरत नाही.

आपल्या उदाहरणात स्टुटगार्टचे साडेदहा घेऊ. ही वेळ लंडनला साडेनऊ असते, तीही चालण्यासारखी. हेलसिंकीचं कोणी असेल तर मात्र पुन्हा विचार करावा लागेल. तिथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात आणि फिनलंडमध्ये अकरापासूनच जेवायला बसतात.

संगणकाच्या कॅलेंडरमध्ये ही गोष्ट नेमकी कुठे ठरते? निमंत्रण तयार करताना वेळेशेजारी टाइम झोन निवडायची जागा असते. ते न पाहता निमंत्रण पाठवलं, तर पाठवणाऱ्याच्या संगणकाची वेळ धरली जाते. पुण्यातून पाठवलेलं निमंत्रण Asia/Kolkata ला बांधलं जातं. जर्मन वेळेला बांधायचं असेल, तर Europe/Berlin निवडावं लागतं, स्टुटगार्टसाठीही तेच. काही जण तटस्थ म्हणून UTC निवडतात. पण भारताचं घड्याळ बदलत नसल्याने UTC ला बांधलेली बैठक पुण्यात स्थिर राहते आणि युरोपात सरकते. तो मार्ग तटस्थ राहत नाही, भारतीय वेळेचंच ते दुसरं नाव ठरतं.

बरोबर बांधलं गेलं की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. कॅलेंडर पुढे सरकवून २२ ऑक्टोबर आणि २९ ऑक्टोबर हे दोन गुरुवार पाहावेत. पुण्याच्या पडद्यावर पहिल्या गुरुवारी दोन आणि दुसऱ्या गुरुवारी तीन दिसले, तर काम झालं. दोन्हीकडे दोनच दिसले, तर बैठक आपल्या वेळेला बांधलेली आहे.

आणखी दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे संक्षेप. CET हे जर्मनीच्या हिवाळी वेळेचं नाव आहे, उन्हाळी वेळ CEST असते. लोक बारा महिने CET लिहितात. जुलैमध्ये कोणी ‘१०:३० CET’ शब्दशः घेतलं, तर तो स्टुटगार्टच्या घड्याळाने साडेअकराला येईल. IST चा अर्थही आयर्लंड आणि इस्रायलमध्ये वेगळा आहे. त्यापेक्षा ‘स्टुटगार्ट वेळ’ आणि ‘पुणे वेळ’ असं लिहावं. दुसरं, जुनी निमंत्रण-मालिका ज्याने सुरू केली त्यालाच ती हलवता येते. तो माणूस कंपनी सोडून गेला असेल, तर मालिका बिनमालकाची होते. अशा वेळी कंपनीच्या आयटी विभागाकडून जुनी मालिका रद्द करून घ्यावी आणि नव्या माणसाच्या नावाने नवी सुरू करावी. नाही तर काही जण तीनच्या जुन्या निमंत्रणावर जाऊन वाट पाहत बसतात.

आता प्रस्ताव. तो सगळ्यांसमोर टाकण्यापूर्वी दोन्हीकडच्या माणसांना एकेकट्याने विचारावं, कारण वरिष्ठांसमोर नव्याने लागलेला मुलगा ‘मला काहीही चालेल’ एवढंच म्हणतो. ‘कोणती वेळ चालेल?’ असं मोघम विचारण्यापेक्षा नेमकी वेळ लिहावी. मजकूर साधारण असा : ‘गुरुवारची बैठक स्टुटगार्ट वेळेने दुपारी ३ ऐवजी सकाळी १०:३० ला घ्यावी असं सुचवतो. पुण्यात ती उन्हाळ्यात दुपारी २ ला आणि हिवाळ्यात ३ ला येईल. सध्याची वेळ न्यूयॉर्कसाठी ठरली होती, ती गरज आता नाही. हिवाळ्यात सध्याची बैठक पुण्यात रात्री ८:३० ला संपते. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारपासून दोन महिने करून पाहू आणि मग कायम करू. कोणाची अडचण असेल, तर या शुक्रवारपर्यंत कळवावी.’ दोन महिन्यांची मुदत मुद्दाम आहे. २५ ऑक्टोबरचा बदल तिच्या मधोमध येतो आणि दोन्ही ऋतूंतली वेळ वापरून पाहता येते.

या बदलाची एक किंमत आहे, तीही प्रस्तावात लिहावी. संध्याकाळच्या बैठकीत पुण्याची टीम दिवसभराचं काम संपवून येत होती. जे झालं ते दाखवायचं, स्टुटगार्टने ते तिथून पुढे न्यायचं. दुपारी दोनला पुण्याचं काम अर्धवटच असतं. त्यामुळे काम सोपवण्यासाठी बस पकडण्यापूर्वी पाच-सहा ओळींची लेखी नोंद ठेवावी लागेल : काय पूर्ण झालं, काय अडलं, कोणाच्या उत्तराची वाट आहे. बैठक निर्णयांसाठी असेल, तर सकाळ-दुपारची वेळ चांगली, कारण प्रश्न निघाला की दोन्हीकडे तो सोडवायला आणखी काही तास हाताशी असतात. पण ती मुख्यतः काम हवाली करण्यासाठी असेल आणि लेखी नोंद ठेवायची दोन्ही टीमची तयारी नसेल, तर साडेदहा सुचवू नये. स्टुटगार्टचे दुपारचे एक मागावेत आणि बैठक अर्ध्या तासाची करावी. मग ती पुण्यात उन्हाळ्यात साडेचारला सुरू होते, हिवाळ्यात साडेपाचला, आणि दोन्ही ऋतूंत सहापर्यंत संपलेली असते.