‘संस्कृती जपणारा’ म्हणजे नेमकं काय करणारा?

‘सुसंस्कृत, मनमिळाऊ, वेल सेटल्ड, मॉडर्न तरी आपली संस्कृती जपणारा. अपेक्षा : अनुरूप.’

विवाहसंस्थेच्या कुठल्याही साइटवर जा, ‘परदेशस्थ’ हा पर्याय निवडा आणि दहा प्रोफाइल वाचा. त्यातल्या सात-आठांमध्ये हेच शब्द थोडे मागेपुढे करून सापडतील. डॅलसमधला मुलगा, म्युनिकमधली मुलगी, सिंगापूरमधला बँकर, सगळेच संस्कृती जपतायत. पण त्यातला कोण घरी गणपती बसवतो, कोण फक्त मंडळाच्या कार्यक्रमाला कुर्ता घालून जातो आणि कोणाला मुळात आईच्या समाधानासाठी हे वाक्य लिहावं लागलंय, ते काही कळत नाही.

भारतात असताना हे फारसं खटकत नाही. घर जवळ असतं, कुणीतरी ओळखीचं निघतं, कांदेपोह्यांच्या वेळी दोन तासांत अंदाज येतो. परदेशातल्या स्थळाच्या बाबतीत मात्र पहिली गाळणी म्हणजे प्रोफाइलमधल्या आठ-दहा ओळी. त्यानंतर थेट व्हिडिओ कॉल, तोही टाइम झोन सांभाळून. त्यामुळे मराठी बोलणारा आणि सण साजरे करणारा जोडीदार हवा असेल, तर या ओळी नीट लिहायला हव्यात. आणि इथे विशेषणं कामाची नाहीत, क्रियापदं लागतात.

‘मातृभाषा : मराठी’ एवढं पुरत नाही

मातृभाषेचा रकाना तुम्ही कोणत्या घरात जन्मलात ते सांगतो. तुम्ही कोणती भाषा बोलता, ते तो सांगत नाही. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाची मातृभाषा मराठीच असते. त्याला आजीचं बोलणं सगळं समजतं, पण उत्तर तो इंग्रजीत देतो आणि देवनागरी त्याला वाचता येत नाही. इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरातली मुलगी घरी मराठी बोलते, पण तिचं शिक्षण हिंदी-गुजरातीत झालेलं असतं. उलट पुण्यात लहानाचा मोठा झालेला मारवाडी किंवा कानडी घरातला मुलगा मराठी नाटकांचा वेडा असू शकतो. पण तुम्ही मातृभाषेचा फिल्टर लावलात की तो तुम्हाला दिसतच नाही.

म्हणजे हा एक रकाना नको असलेल्यांना आत घेतो आणि हवे असलेल्यांना बाहेर ठेवतो. यावर उपाय सोपा आहे. समजणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चार गोष्टी वेगळ्या धरा आणि त्यातलं तुम्हाला काय येतं, जोडीदाराकडून काय हवंय ते एका वाक्यात सांगा. ‘घरात मराठीत बोलायचं आहे, वाचता आलं नाही तरी चालेल’ हे वाक्य न्यू जर्सीच्या त्या मुलाला आत घेतं आणि त्याच वेळी तुमची अटही स्पष्ट करतं. मुलं झाली तर त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हा बऱ्याच जणांच्या मनातला खरा मुद्दा असतो. तो मनात असेल तर लिहून टाका. तो दुसऱ्या वर्षी भांडणात निघण्यापेक्षा पहिल्या कॉलमध्ये निघालेला बरा.

एक कडू गोष्टही इथेच सांगायला हवी. ‘आपल्यातलाच’, ‘सेम कल्चर’ हे शब्द अनेकदा भाषेसाठी नाही, तर जातीसाठी वापरले जातात. तुमची अट भाषेची असेल तर भाषा असंच लिहा. आणि घरच्यांची अट जातीची असेल, तर भाषेचं नाव पुढे करून समोरच्याला तीन कॉल करायला लावू नका.

सण : कोण काय करतं?

परदेशात सण हा कामाचा दिवस असतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. तिथल्या ऑफिसला सुट्टी नव्हती. अशा वेळी लोक तीन प्रकारे वागतात. काही जण रजा टाकतात आणि घरी मूर्ती बसवतात. काही जण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आरती करतात. बाकीचे मंडळाच्या शनिवार-रविवारच्या गणपतीला जातात. तिन्ही ठीकच आहे, पण पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या माणसांचं लग्न झालं तर दर भाद्रपदात वाद ठरलेला. म्हणून ‘सण आवडतात’ असं लिहू नका, तुम्ही त्या बुधवारी काय केलं असतं ते लिहा.

दुसरा घोळ कर्त्याचा. ‘सणवार करणारी मुलगी हवी’ हे मुलाने किंवा त्याच्या आईने साध्या मनाने लिहिलेलं असतं. पण नोकरी करणारी मुलगी ते ‘सणाची सगळी कामं करणारी मुलगी हवी’ असंच वाचते. पुरणपोळी, फराळ, एकवीस मोदक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग. हे टाळायचं असेल तर आधी स्वतःबद्दल लिहा. ‘मी चिवडा आणि शंकरपाळे करतो, चकल्या बिघडतात म्हणून विकत आणतो’ या ओळीतून तुमचा फराळही कळतो आणि घरकामाबद्दलचा विचारही. एकही अपेक्षा न लिहिता अपेक्षा पोहोचते.

एक प्रोफाइल, आधी आणि नंतर

उदाहरणासाठी एक मुलगी घेऊ. वय ३०, मूळची सांगलीची, पुण्यात इंजिनिअरिंग, अमेरिकेत एमएस, आता न्यू जर्सीत डेटा अॅनालिस्ट, एच-वन-बी व्हिसावर. प्रोफाइल आई-बाबांनी बनवलंय :

‘सुस्वरूप, सुसंस्कृत, अमेरिकेत उच्चपदस्थ. परदेशात राहूनही संस्कृती जपणारी. अपेक्षा : उच्चशिक्षित, निर्व्यसनी, अमेरिकेतील किंवा तिकडे येण्यास तयार.’

आता तेच तिने स्वतः लिहिलं तर :

‘मी सांगलीची, सहा वर्षं अमेरिकेत, सध्या न्यू जर्सीत. दिवसभर ऑफिसात इंग्रजी असतं, त्यामुळे घरी आल्यावर मराठीत बोलायला माणूस हवा. मराठी वाचता आलं नाही तरी चालेल, पण पुढे मुलांशी मी मराठीतच बोलणार. घरी दीड दिवसाचा गणपती बसवते आणि त्यासाठी रजा घेते. मोदक फ्रोझन खोबऱ्याचे असतात, विसर्जन बादलीत होतं. उपास करत नाही, मासे आवडतात. मंडळाच्या नाटकात काम करते, म्हणून दोन महिने वीकएंड तालमीत जातात. एच-वन-बीवर आहे. जोडीदार अमेरिकेत स्वतःच्या व्हिसावर असेल तर सोपं, भारतातून येणार असेल तर कामाच्या परवान्याबद्दल आधी मोकळेपणाने बोलू. पाच-सात वर्षांनी पुण्यात परतायचा विचार आहे, पक्कं नाही.’

दोन्हींतली मुलगी एकच. पण दुसऱ्या प्रोफाइलवर समोरच्याला काहीतरी विचारता येतं. नाटक कोणतं, बादलीतल्या विसर्जनानंतर मातीचं काय करता, परत यायचं तर पुणेच का? पहिल्या प्रोफाइलवर ‘हाय, हाऊ आर यू’ याशिवाय काय लिहिणार?

तिने काय वगळलं तेही बघा. कंपनीचं नाव, राहता भाग, पगाराचा आकडा यातलं काहीच उघड प्रोफाइलवर नाही. एकट्या राहणाऱ्या मुलीने आपला ठावठिकाणा अनोळखी माणसांसमोर ठेवायचं कारण नाही. ती माहिती ओळख पटल्यावर सांगता येते. मात्र आधीचं लग्न झालेलं असेल तर ते लपवायच्या यादीत येत नाही. ते पहिल्यापासून दिसलं पाहिजे.

व्हिसाची ओळ का हवी?

‘तिकडे येण्यास तयार’ या तीन शब्दांमागे कुणाचं तरी अख्खं करिअर असतं. एच-वन-बीवर असलेल्या व्यक्तीचा नवरा किंवा बायको एच-४ व्हिसावर जाते, आणि त्या व्हिसावर थेट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून एच-४ वाल्यांना कामाचा परवाना मागता येतो, पण साधारणपणे जोडीदाराच्या ग्रीन कार्ड प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असेल तरच. म्हणजे पुण्यात चांगल्या नोकरीवर असलेला मुलगा लग्न करून गेला, तर त्याला काही वर्षं घरी बसावं लागू शकतं. हे त्याला साखरपुड्यानंतर कळणं म्हणजे फसवणूकच, मग ती कुणी मुद्दाम केलेली नसली तरीही.

देशागणिक चित्र बदलतं. जर्मनीत ब्लू कार्डवर असलेल्याच्या जोडीदाराला काम करायला मुभा असते. म्हणून फक्त ‘परदेशात सेटल्ड’ लिहून भागत नाही. देश, व्हिसाचा प्रकार आणि जोडीदाराला काम करता येईल की नाही, या तीन गोष्टी लिहा. नियम बदलत राहतात, तेव्हा लिहिण्याआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा पाहून घ्या.

आई-बाबांचं काय?

अनेक साइटवर ‘प्रोफाइल कोणी तयार केलं’ असा रकाना असतो आणि त्यात बऱ्याचदा ‘पालक’ असतं. त्यात गैर काही नाही. तुम्ही झोपलेले असता तेव्हा तिकडे फोन तेच घेत असतात. फक्त कामं वाटून घ्या. शिक्षण, कुटुंब, पत्रिका हे त्यांनी लिहावं. भाषा, सण, खाणंपिणं, परत यायचा विचार हे तुम्ही लिहावं, आणि ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत. एकाच प्रोफाइलमध्ये वर ‘आमची मुलगी’ आणि खाली ‘मी’ आलं तरी वाचणाऱ्याला अडत नाही. उलट, कोण काय म्हणतंय ते कळतं.

लिहून झालं की एक साधी परीक्षा घ्या. तुमचं नाव आणि शहर झाकून प्रोफाइल एखाद्या मित्राला दाखवा. ‘हे कुणाचंही असू शकतं’ असं तो म्हणाला तर पुन्हा लिहायला बसा. प्रतिसाद कदाचित कमी येतील, त्याची तयारी ठेवा. उपास न करणारी सून नको असलेले लोक आपणहून पुढे जातील. पण जे उरतील ते तरी बादलीतल्या गणपतीबद्दल वाचूनच आलेले असतील.