हापशीवरचं धोतर

गेल्या श्रावणातली गोष्ट. दर्यापूरकडच्या एका गावात माझी मामेबहीण राहते. तिच्या सासऱ्यांना रात्रीतून जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत दोन धोतरं, चादर आणि अंगावरची वाकळ खराब झाली. बहीण टापटिपीची. उजाडायच्या आत तिनं सगळं गाठोडं हापशीवर नेलं, खळखळून धुतलं आणि ओटाही झाडून स्वच्छ केला. चौथ्या दिवशी तिच्या मुलाला जुलाब लागले, मग शेजारच्या घरातल्या दोघांना.

मी तिला विचारलं, कपडे धुतले कुठं? ती म्हणाली, "हापशीवर, ताई. घरात कायले घान आनू?"

आपल्यापैकी दहाजणींनी हेच उत्तर दिलं असतं. घाण घराबाहेर गेली की घर स्वच्छ, असं आपण मानतो. पण त्या हापशीच्या ओट्याला तडा गेलेला होता. ओट्यावर सांडलेलं पाणी तड्यातून खाली झिरपतं आणि तेच पाणी आपण गुंडात भरून पुन्हा घरात आणतो. मुलाचं दुखणं नेमकं त्याच पाण्यानं आलं, की बहिणीच्या न धुतलेल्या हातांनी, हे आता कोणी सांगू शकणार नाही. दोन्ही वाटा उघड्या होत्या, एवढं खरं.

मैत्रिणींनो, ही वाट फार जुनी आहे. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली, सहाशेच्या वर माणसं गेली. पुढे तिथल्या एका पाद्रीबाबांनी शोध घेतला, तेव्हा कळलं की पंपासमोरच्या घरातलं तान्हं बाळ सगळ्यांच्या आधी आजारी पडलं होतं. त्याची आई दुपटी बादलीत भिजवून ते पाणी घराच्या पुढच्या मैलाखड्ड्यात ओतायची. खड्ड्याच्या विटा ढासळल्या होत्या आणि पंपाची विहीर जेमतेम तीन फुटांवर होती. आपल्याकडे 2022 च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत पटकी पसरली, तीही उघड्या विहिरीच्या पाण्यातून.

तेव्हा जुलाब-उलट्यांचे कपडे हापशी, विहीर किंवा नाल्यावर न्यायचेच नाहीत. झाकणाची एक प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवा आणि खराब कपडा थेट तिच्यात टाका. झटकू नका, अंगाशी धरू नका. हाताला चीर असेल तर रबरी मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधा. आधी कपड्यावरची घाण जुन्या कागदानं किंवा चिंधीनं काढून संडासात टाका. नंतर गार पाण्यात एकदा खळबळून तेही पाणी संडासातच ओता. घरी संडास नसेल तर विहीर-हापशीपासून निदान पन्नास फूट लांब, जमलं तर त्याहून दूर खड्डा करून त्यात ओता आणि वर माती लोटा. गार पाणी अशासाठी की उकळतं पाणी आधीच ओतलं तर डाग धाग्यात पक्का बसतो.

मग साबण. इथं खारपाणपट्ट्यातल्या बायकांचं वेगळंच दुखणं आहे. पूर्णेच्या काठच्या खाऱ्या, जड पाण्यात वडी घासून घासून हात दुखतात, पण फेस येत नाही. नुसता दह्यासारखा साका येतो आणि मळ तसाच राहतो. अशा पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवा. पंधरा-वीस मिनिटांत पाण्यातला जडपणा खाली बसतो. वरचं निवळ पाणी घेतलं की फेस येतो. वडीपेक्षा पावडर अशा पाण्यात बरी चालते.

मळ निघाल्यावरच ब्लिचिंग पावडरची पाळी. बहुतेकजणी इथंच चुकतात. घाणेरड्या कपड्यावरच पावडर टाकली की क्लोरीन त्या घाणीशीच झुंजण्यात संपतं, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी साबण, मग एक पाणी, आणि शेवटी ब्लिचिंग.

प्रमाण सोपं आहे. दहा लिटरच्या बादलीला सपाट भरलेला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण पंधरा-सोळा ग्रॅम. पावडर तशीच कपड्यावर टाकू नका, भोकं पडतील. मगभर पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा. चुन्याचा साका खाली बसला की वरचं पाणी बादलीत घ्या. त्यात कपडे पूर्ण बुडवून अर्धा तास ठेवा. अर्ध्या तासानं पाण्याला उग्र वास आला नाही, तर क्लोरीन संपलं असं समजा आणि नवं पाणी करा. पावडरीचंही तसंच. डबा उघडल्यावर नाकात झोंबत नसेल, ओलसर गोळे झाले असतील, तर ती मेलेली आहे, फेकून द्या. आणि एक गोष्ट कधीच करू नका. संडास-बाथरूमचं अॅसिड या पाण्यात मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात जीव जाऊ शकतो.

रंगीत लुगडी-साड्यांचा रंग ब्लिचिंगनं जातो, रेशीम-लोकर तर खराबच होते. सुती रंगीत कपडा असेल तर उकळा. आपले परीट सोडा लावून भट्टी द्यायचे, ते काही फक्त पांढरेपणासाठी नव्हतं. चुलीवर पातेलं ठेवून पाणी खळखळायला लागल्यावर पाच मिनिटं कपडे त्यात बुडालेले राहू द्या. हाताला सोसेल असं कोमट पाणी मात्र जंतूंना मारत नाही. मशिनमधल्या गार पाण्याचंही तेच. मशिन वापरायचीच असेल तर ब्लिचिंगचा अर्धा तास आधी बादलीत होऊ द्या, आणि घरच्यांचे कपडे त्याच फेरीत टाकू नका.

जाता जाता, सगळ्याच दुखण्यांना एवढी धुलाई लागते असं नाही. 2021 च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्यात कोरोना पुन्हा उसळला, तेव्हा कित्येकींनी आल्यागेल्याचे कपडे उकळून हात सोलून घेतले. तो आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतो, हे आता कळलंय. तिथं खिडकी उघडी ठेवणं जास्त उपयोगाचं. जुलाबाचं तसं नाही. तिथं कपडा आणि हात हीच वाट. म्हणून धुणं संपलं की बादली, मोरी आणि नळाची तोटीही त्याच ब्लिचिंगच्या पाण्यानं पुसा आणि साबणानं हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नका. जुलाब थांबले तरी निदान आठवडाभर आजाऱ्याचे कपडे वेगळेच धुवा, कारण बरं वाटायला लागल्यावरही जंतू शौचावाटे पडत राहतात.

राहिली वाकळ. श्रावणात भिजवली तर चार दिवस वाळत नाही आणि ओल राहिली की जंतूही टिकतात. माझ्या बहिणीनं आता गादीवर मेणकापड आणि त्यावर जुन्या लुगड्याची दोन पदरी घडी घालायला सुरुवात केली आहे. खराब झाली की तेवढीच घडी काढायची आणि मेणकापड ब्लिचिंगच्या पाण्यानं पुसून घ्यायचं. वाकळ खराब झालीच, तर उसवून आतले पदर वेगळे धुवायचे, नाहीतर मधल्या चिंध्यांपर्यंत ना ब्लिचिंग पोचतं ना ऊन. सासूबाईंनी शिवलेली वाकळ उसवताना तिच्या जिवावर आलं होतं. पण ऊन पडलं त्या दिवशी तिनं सगळे पदर गोठ्याच्या पत्र्यावर पसरले, दुपारी उलटवले, आणि दिवाळीत परत टाके घातले.