विष्णूची तीन पावले: वेदांतली आणि पुराणांतली

ऋग्वेदात १०२८ सूक्ते आहेत, पण केवळ विष्णूसाठी रचलेली त्यांत मोजकीच. पहिल्या मंडलातील १५४ वे सूक्त त्यांपैकी एक. विष्णूने तीन पावलांत विश्व व्यापले आणि त्याच्या सर्वांत उंच पदी मधाचा झरा आहे, अशी स्तुती तेथे येते. बळी नाही, दान मागणारा बटू नाही, पाताळही नाही. यज्ञात देवतेला आवाहन करण्यासाठी मंत्र म्हटला जाई. त्यासाठी पराक्रमाचा उल्लेख पुरेसा होता, गोष्ट सांगण्याची गरज नव्हती.

पुढे शतपथ ब्राह्मणात, म्हणजे वैदिक वाङ्मयातच, विष्णू वामन होतो. असुर पृथ्वी वाटून घेऊ लागतात आणि देवांना वामन आडवा होऊन व्यापेल तेवढीच जागा देऊ करतात. हा वामन म्हणजे यज्ञच, म्हणून देवांना सगळी पृथ्वी मिळते. ही कथा यज्ञवेदीचे महत्त्व पटवण्यासाठी आली आहे. बळी अजूनही नाही.

भागवत पुराणाच्या आठव्या स्कंधात मात्र पूर्ण नाट्य उभे राहते. शुक्राचार्य सावध करतात, तरी बळी दिलेला शब्द मोडत नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापले जातात, तिसऱ्यासाठी तो आपले मस्तक पुढे करतो. त्याला सुतल लोक मिळतो आणि विष्णू तेथे त्याचा द्वारपाल होतो. पराक्रमाच्या स्तुतीचे आता भक्तीच्या कथेत रूपांतर झाले आहे. हरलेला असुरच तिचा खरा नायक ठरतो.

हा बदल श्रोत्यांमुळेही घडला. वेद श्रुती मानले गेले. त्यांचा शब्दच नव्हे, स्वरही बदलू नये म्हणून पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पद्धती तयार झाल्या. पण स्त्रिया आणि शूद्र यांना वेदाध्ययनाचा अधिकार परंपरेने नाकारला होता. पुराणे स्मृतीत मोडतात आणि ती सर्वांना ऐकता येत. त्यांचा निवेदक बहुधा सूत असतो, नैमिषारण्यात जमलेल्या ऋषींना कथा सांगणारा. सृष्टीची उत्पत्ती, प्रलयानंतरची पुनर्निर्मिती, वंशावळी, मन्वंतरे आणि राजांची चरित्रे हे पुराणांचे पाच विषय सांगितले जातात. प्रत्यक्षात व्रते, दाने आणि तीर्थमाहात्म्ये यांनीच बरीच पाने भरली आहेत. शब्द गोठवलेला नसल्याने शतकानुशतके भर पडत गेली. म्हणूनच एखाद्या पुराणाला एकच रचनाकाळ देणे अवघड असते आणि हस्तलिखिते एकमेकांशी जुळत नाहीत.

वामनकथेलाही असे व्रत जोडले गेले. भविष्योत्तर पुराणात कार्तिक शुद्ध प्रतिपदेला रंगीत चूर्णांनी बळीची आकृती काढून तिची पूजा करायला सांगितले आहे. मोठ्या श्रौत यज्ञाला अनेक ऋत्विज आणि तीन अग्नी लागत. महाराष्ट्रात बलिप्रतिपदेची पूजा आजही घरोघरी होते.