सीआयपीपी आधी की सीआयपीएम?

डेटा गोपनीयतेकडे वळू पाहणाऱ्या वकिलापुढे पहिला प्रश्न असतो तो परीक्षा कोणती द्यायची हा. आयएपीपी या संस्थेची सीआयपीपी/ई ही परीक्षा युरोपच्या कायद्यावर, म्हणजे जीडीपीआरवर असते. अडीच तासांत 90 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे. कायद्याची पदवी लागत नाही, त्यामुळे कम्प्लायन्सवालेही बसू शकतात.

अनेक प्रश्न कलमांचे क्रमांक न विचारता प्रसंग देतात. समजा, पुण्यातली कंपनी जर्मन कंपनीसाठी पगारपत्रकं सांभाळते आणि एका कर्मचाऱ्याकडून ती फाईल भलत्याच पत्त्यावर जाते. नियामकाला कळवायचं कुणी? अनेकजण 72 तासांची मुदत पुण्याच्या गळ्यात घालतात. ती मुदत जर्मन कंपनीची, तीही तिला प्रकार कळल्यापासूनची. पुण्याने विनाविलंब तिला कळवायचं. डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणारा कोण आणि त्याच्या सांगण्यावरून काम करणारा कोण, हे आधी ओळखता आलं की निम्मं काम होतं.

सीआयपीएम कायद्याऐवजी गोपनीयतेची व्यवस्था कशी चालवायची हे तपासते. माझं मत स्पष्ट आहे: वकिलाने ती आधी द्यावी, बँकेतल्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याने सीआयपीपी/ई. ज्याचं जे कच्चं, ते आधी.

भारताच्या 2023च्या कायद्याला यातलं कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. तो मुळातूनच वाचावा लागतो.