जुळलेली नोंद, चुकलेलं उत्तर

रात्री दहाच्या सुमाराला भाच्याने फोटो पाठवला. बारावीच्या पुस्तपालनाच्या पुस्तकाचं अर्धं पान, मध्ये घडी, कोपऱ्यात अंगठा. खाली निरोप : ‘आत्या, जप्तीची नोंद जुळतेय, तरी उत्तर चूक येतंय.’

उदाहरण नेहमीच्या साच्यातलं होतं. एका कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर प्रत्येकी २ रुपये अधिमूल्याने विक्रीला काढले. अर्जासोबत ३ रुपये, पहिल्या हप्त्याला २, शेवटच्या हप्त्याला २. वाटपाच्या वेळचा आकडा मात्र घडीत अडकला होता. ३ आहे की ५, फोटो मोठा करूनही कळेना. भाच्याने ३ धरला होता.

अशा वेळी डोळे ताणण्यापेक्षा बेरीज करावी. शेअरमागे कंपनीला एकूण १२ रुपये यायचे आहेत. अर्ज आणि दोन हप्ते मिळून ७ झाले, म्हणजे वाटपाला ५ हवेतच. त्यातले ३ भांडवलाचे आणि २ अधिमूल्याचे. ३ धरले तर अधिमूल्य हवेत विरतं. अर्जाचे ३ रुपयेही उगीच आलेले नाहीत. सार्वजनिक विक्रीत अर्जासोबत विक्री किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम घ्यावी, असा सेबीचा नियम आहे आणि १२ चे २५ टक्के बरोबर ३ होतात.

तेवढं सुधारून त्याने पुन्हा सोडवलं. उत्तर तरीही चूक. आता खरी गाठ हाताला लागली.

अर्ज आले १५,००० शेअरसाठी, म्हणजे बँकेत ४५,००० रुपये जमले. त्यातले ३,००० शेअरचे अर्ज कंपनीने नाकारले आणि ९,००० रुपये परत केले. उरलेल्या १२,००० शेअरच्या अर्जदारांना प्रमाणात १०,००० शेअर वाटले : सहा मागितले त्याला पाच मिळाले. रोजकीर्दीत अर्ज खात्यातले ३०,००० रुपये शेअर भांडवलात जातात. जास्तीचे ६,००० परत करायचे नसतात, ते वाटपाच्या रकमेत वळते होतात. वाटपाचे ५०,००० येणे होतात, त्यापैकी ३०,००० भांडवलाला आणि २०,००० अधिमूल्याला जमा. म्हणजे वाटपाच्या वेळी प्रत्यक्षात यायचे राहिले ४४,०००.

इथपर्यंत भाच्याच्या वहीत सगळं बरोबर होतं. पुढचं वाक्य असं : २०० शेअरच्या एका धारकाने वाटपाची रक्कम आणि दोन्ही हप्ते भरले नाहीत, म्हणून त्याचे शेअर जप्त केले. भाच्याने सरळ हिशोब मांडला. अर्जाचे २०० गुणिले ३, म्हणजे ६०० आले. वाटपाचे १,०००, हप्त्यांचे ४०० आणि ४०० मिळून १,८०० थकले. ६०० आणि १,८०० मिळून २,४००. नावे बाजूला भांडवल २,००० आणि अधिमूल्य ४००, तेही २,४००. दोन्ही बाजू जुळल्या. पुस्तकातलं उत्तर मात्र ६०० ऐवजी ७२० सांगत होतं.

चूक ‘२०० शेअरचा धारक’ या शब्दांत दडली आहे. त्याला २०० मिळाले, पण त्याने मागितले होते २४०, कारण प्रमाण सहाला पाच असं आहे. अर्जासोबत त्याने भरले ७२०. त्यातले ६०० अर्जाचे, बाकी १२० त्याच्या वाटपाच्या खात्यावर आधीच पोचलेले. मग वाटपाचे थकले ८८०, १,००० नव्हे. एकूण थकबाकी १,६८०. खरी नोंद अशी :

शेअर भांडवल खाते नावे २,०००
अधिमूल्य खाते नावे ४००
जप्त शेअर खात्यास जमा ७२०
थकीत हप्ते खात्यास जमा १,६८०

गंमत अशी, की तेरीज भाच्याची चूक पकडणार नाही. त्याने वाटपाची वसुली ४३,००० लिहिली होती, खरी आहे ४३,१२०. पण थकबाकीही तितकीच फुगवल्यामुळे प्रत्येक खातं मिटत होतं. अशी चूक बँकेच्या आकड्यातच सापडते, आणि तो आकडा नोंदींकडे न बघता काढता येतो. ९,८०० शेअरचे पूर्ण १२ रुपये आले, म्हणजे १,१७,६००. त्यात या धारकाचे ७२० मिळवले की १,१८,३२०. भाच्याच्या वहीत बँकेची शिल्लक १,१८,२०० होती. मधले १२० कुठे गेले, एवढंच मी विचारलं. दोन मिनिटांनी नुसतं ‘अरे देवा’ असं उत्तर आलं.

त्याचा पुढचा प्रश्न चांगला होता : जास्तीचे १२० वाटपाला गेले, वाटपात अधिमूल्यही आहे, मग थोडं अधिमूल्य आलंच की! रिवाज असा, की आलेली रक्कम आधी भांडवलाची धरायची. वाटपात या धारकाकडून भांडवलाचे ६०० यायचे होते आणि आले १२०, म्हणजे अधिमूल्याला काहीच पोचलं नाही. म्हणून पूर्ण ४०० उलटवायचे. अधिमूल्य आलेलं असतं तर त्याला हात लावता आला नसता. जप्तीत न आलेलं अधिमूल्यच रद्द होतं.

उदाहरणसंग्रहात अधिमूल्य सहसा वाटपाच्या वेळी येतं. बाजारात तसंच असेल असं नाही. २०२० साली रिलायन्सने १,२५७ रुपये दराचे हक्कभाग काढले तेव्हा अर्जासोबत ३१४.२५ रुपये मागितले. त्यातले २.५० भांडवलाचे आणि ३११.७५ अधिमूल्याचे होते. उरलेली रक्कम २०२१ मध्ये दोन हप्त्यांत घेतली. असा शेअर हप्ता न भरल्यामुळे जप्त करायची वेळ आली, तर अर्जासोबत आलेलं अधिमूल्य जागचं हलणार नाही आणि जप्त शेअर खात्यात फक्त अडीच रुपये येतील.

जप्ती अचानकही होत नाही. कंपनी कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीत, ज्याला टेबल एफ म्हणतात, आधी किमान १४ दिवसांची नोटीस सांगितली आहे. पुस्तकातलं उदाहरण हे सगळं ‘म्हणून जप्त केले’ या तीन शब्दांत उरकतं.

शेवटचा पोटप्रश्न पुनर्विक्रीचा. ते २०० शेअर ८ रुपयांना पूर्ण भरलेले म्हणून पुन्हा विकले. बँक नावे १,६००, जप्त शेअर खाते नावे ४००, भांडवलाला जमा २,०००. नवे शेअर दर्शनी किमतीपेक्षा कमीत काढायला कायद्याची बंदी आहे, पण जप्त शेअरची पुनर्विक्री म्हणजे नवं वाटप नव्हे. सूट मात्र जुन्या धारकाकडून आलेल्या रकमेपेक्षा जास्त देता येत नाही. इथे ७२० भागिले २००, म्हणजे शेअरमागे ३.६० आणि तळाची किंमत ६.४०. भाच्याच्या ६०० ने हाच तळ ७ रुपये आला असता. खात्यात उरलेले ३२० भांडवली राखीव निधीत जातात.

‘म्हणजे त्या माणसाचे ७२० गेले आणि शेअरही गेले?’ भाच्याने विचारलं. गेले. शिवाय त्याच नियमावलीप्रमाणे जप्तीच्या दिवशी थकलेली रक्कम द्यायची जबाबदारीही त्याच्यावर राहते, हे मी कळवलं. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग दुसऱ्या उदाहरणाचा फोटो आला. या वेळी पान सपाट ठेवलं होतं आणि अर्जदारांच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता.