पाऊस बाहेरून, पाणी आतून

पावसाळी क्रॉस कंट्रीत धावणारा तासाभरात परत येतो आणि कोरडे कपडे घालून मोकळा होतो. फोटो काढणारा मात्र पहिल्या शिटीपासून बक्षीस समारंभापर्यंत चार-पाच तास तिथेच उभा असतो. शर्यत पुन्हा होत नाही. शेवटच्या वळणावर लेन्सवर धुके बसले, तर तो फोटो कायमचा गेला. आपण सगळा दोष पावसाला देतो, पण कॅमेऱ्याला आणि अंगाला भिजवणारे पाणी दोन वाटांनी येते. एक बाहेरून, थेंब होऊन. दुसरे आतून, वाफ होऊन. पहिली वाट बंद करताना दुसरी कोंडली, की घोटाळा होतो.

कोकणात भातलावणी करणारी माणसे डोक्यावर आणि पाठीवर इरले घेत. ते वरून बंद, खालून आणि पुढून उघडे असते. पाऊस वरून ओघळतो आणि अंगाची वाफ खालून निघून जाते. कॅमेऱ्याचे पावसाळी आवरण नेमके असेच हवे.

बाजारात तयार आवरणे मिळतात, पण स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीचेही चांगले आवरण होते. साधारण २० इंच लांब आणि १५ इंच रुंद, थोडी जाड पिशवी घ्या. तिच्या बंद टोकाला लेन्सहूडपेक्षा थोडे लहान भोक पाडा, हूडचे तोंड त्यातून बाहेर काढा आणि हूडभोवती रबर बँड लावा. काचेसमोर प्लॅस्टिक येऊ देऊ नका. त्यातून काढलेला फोटो मऊ आणि धुरकट येतो. हूड मात्र काढू नका, कारण तिरके थेंब तोच अडवतो. लेन्सची कडी फिरवता यावी म्हणून पिशवी तिथे सैल ठेवा. डोळा लावायच्या जागेचा रबरी कप निघत असेल, तर तो काढा, तिथे प्लॅस्टिकला छोटे भोक पाडा आणि कप पुन्हा वरून बसवा. पिशवीची कड त्याखाली दबते आणि पाणी शिरत नाही. पिशवीचे उघडे तोंड नेहमी खाली राहील असे पाहा. त्यातूनच हात आत जातात आणि तिथूनच वाफ बाहेर पडते. फोटो काढत नसाल, तेव्हा लेन्स जमिनीकडे वळवून धरा.

कॅमेरा ‘वेदर सील्ड’ आहे, तरीही आवरण लागते. त्या रबरी पट्ट्या थोडा वेळ पडणारे शिंतोडे थोपवतात. चार तासांचा मुसळधार पाऊस ही वेगळी गोष्ट आहे. झूम करताना लांब होणारी लेन्स आखडते, तेव्हा तिच्या नळीवरचे थेंबही आत ओढले जाऊ शकतात. म्हणून आधी पुसा, मग आखडा. पावसात लेन्स बदलू नका. बॅटरी आणि कार्डाचे झाकण छपराखाली, हात कोरडे करूनच उघडा.

आता दुसरी वाट पाहू. समजा, कॅमेरा रात्रभर एसी खोलीत होता आणि २२ अंशांना थंड झाला आहे. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे. अशा हवेतली वाफ सुमारे २५ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. यालाच दवबिंदू म्हणतात. कॅमेरा त्याहून थंड आहे, म्हणून बाहेर काढताक्षणी लेन्स पांढरी होते. पुसली, की पुन्हा पांढरी. पुसून उपयोग नाही; काच गरम व्हायला हवी. शर्यतीच्या दिवशी कॅमेरा तासभर आधी बंद बॅगेतच व्हरांड्यात आणून ठेवा. धुके काचेच्या बाहेर आहे की आत, हे ओळखणे सोपे आहे. बाहेरचे पुसले, की क्षणभर तरी जाते. आतले हलतच नाही. ते दिसले, तर कॅमेरा बंद करून बॅटरी काढा आणि नीट सुकेपर्यंत चालू करू नका.

हिवाळ्यात हाच प्रकार उलट दिशेने होतो. प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी आपल्या राज्याचे एनसीसी छात्र जानेवारीत दिल्ली कॅन्टोन्मेंटला जातात. पहाटेच्या सरावात कॅमेरा ६ अंशांपर्यंत थंड झाला आणि नंतर १८ अंशांच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत आला, तर तिथला दवबिंदू सुमारे १० अंश असतो. म्हणजे घाम खोलीत शिरल्यावर सुटतो, आणि तो कॅमेऱ्याच्या पोटातही सुटू शकतो. म्हणून बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला. आत आल्यावर एक-दोन तास ती उघडू नका. पाणी पिशवीवर बसेल, कॅमेऱ्यावर नाही. फोटो लगेच हवे असतील, तर कार्ड बाहेरच काढून घ्या. थंडीत बॅटरी लवकर संपल्यासारखी वाटते. जादा बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. गरम झालेली बॅटरी पुन्हा थोडे काम देते.

अंगालाही हाच नियम लागू आहे. सामान उचलून मैदानापर्यंत जाताना घाम येतो, मग तुम्ही तासन्‌तास उभे राहता. सुती बनियन तो घाम धरून ठेवते आणि अंग गार पडते. अंगालगत पॉलिएस्टरचा खेळाचा टीशर्ट किंवा पातळ लोकरी कपडा घाला. त्यावर स्वेटर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारे जॅकेट. चालताना जॅकेटची चेन उघडी ठेवा, उभे राहिल्यावर लावा. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते. धनगर पावसात घोंगडी घेतात ती उगाच नाही.

पावसात फोटो काढणाऱ्याची खास अडचण म्हणजे बाही. कॅमेरा डोळ्याला लावला, की हात वर जातात आणि पाणी मनगटातून कोपरापर्यंत उतरते. रेनकोटच्या बाहीला आवळता येणारी पट्टी हवी. टोपडे डोक्याबरोबर वळत नाही, म्हणून त्याखाली पुढे झडप असलेली टोपी घाला. थंडीत पातळ मोजे हातात घाला आणि त्यावर जाड मोजे, म्हणजे बटण दाबताना फक्त वरचे काढता येतात. थंड जमीन पायातली ऊब ओढून घेते; पायांखाली जाड पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा ठेवला, तर फरक लगेच कळतो. बोटांना बटण सापडेनासे झाले किंवा हुडहुडी थांबेना, तर फोटो थांबवून आत जा. बोलणे अडखळू लागले, तर सोबत्याने त्याला ताबडतोब शाळेच्या दवाखान्यात न्यावे.

परत आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत बंद करून झोपू नका. दमट अंधारात लेन्सवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वाढतात आणि ते काचेवर कायमचे डाग पाडू शकतात. आधी सुती कापडाने टिपून घ्या, बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणे उघडी ठेवून पंख्याखाली सुकवा. मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा. तांदळात ठेवू नका. त्याची पूड फटींत जाते. पिशवीचे आवरणही उलटे करून वाळत घाला, म्हणजे पुढच्या पावसाला ते तयार असेल.